तीस किलोंचा अभिनय

कागदावर घरगुती गॅसचा एक लाल सिलिंडर काढा. वर धरायचं कडं, खाली टेकायचं कडं, मधे फुगीर टाकी. त्याच्या शेजारी अगदी तसाच दुसरा काढा आणि मनाशी ठरवा की पहिला भरलेला आहे आणि दुसरा रिकामा. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. नुसत्या टाकीचं वजन साधारण पंधरा-सोळा किलो असतं. म्हणजे एक सिलिंडर तीस किलोंचा आणि दुसरा जवळजवळ त्याच्या निम्म्याचा. तरीही चित्रं मात्र एकसारखीच दिसणार. रंग गडद करा, सावली दाट करा, तीस किलो काही दिसत नाहीत. ते दाखवायचे तर शेजारी एक माणूस उभा करावा लागतो आणि त्याला सिलिंडर उचलायला लावावं लागतं.

ॲनिमेशनच्या वर्गांत ‘पात्र जड वस्तू उचलतं’ हा सराव हमखास करून घेतला जातो, त्यामागचं कारण हेच आहे. कॉम्प्युटरमध्ये कुठल्याच वस्तूला वजन नसतं. सिलिंडरचं मॉडेल माउसने उचलून छताला लावलं तरी कॉम्प्युटरची तक्रार नसते. पात्राचे हातही तसेच, कितीही ओढले तरी दमत नाहीत. खऱ्या माणसाला भार आपोआप वाकवतो, थांबवतो, मागे रेलायला लावतो. पडद्यावरच्या पात्राच्या बाबतीत हे सगळं ॲनिमेटरने एकेक फ्रेम ठरवून करायचं असतं. त्यातलं थोडं जरी सुटलं तरी प्रेक्षकाला सिलिंडर थर्माकोलचा वाटतो. काय चुकलं हे त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच कळतं.

ते कसं कळतं, याचा एक सुंदर पुरावा आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्वेर्कर रुनेसन आणि गुनिला फ्रीकहोल्म यांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वजनांची खोकी उचलणाऱ्या माणसांच्या सांध्यांवर त्यांनी चकाकते तुकडे लावले आणि चित्रण असं केलं की पडद्यावर फक्त हलणारे ठिपके दिसावेत. चेहरा नाही, स्नायू नाहीत, कपडे नाहीत. तरीही बघणाऱ्यांना खोकं किती जड आहे याचा बऱ्यापैकी अचूक अंदाज करता आला. दोन वर्षांनी त्यांनी उचलणाऱ्यांना नाटक करायला सांगितलं : हलकं खोकं जड असल्यासारखं उचला, जड खोकं हलकं असल्यासारखं. बघणाऱ्यांना नाटक ओळखू आलं आणि त्याआडचं खरं वजनही बरंचसं कळलं.

ॲनिमेटरसाठी या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे. वजन कपाळावरच्या घामात किंवा आवळलेल्या दातांत शोधू नये. ते सांधे कधी हलतात, कुठून हलतात आणि किती वेळ घेतात, यात असतं. घाम आणि दात नंतर घालता येतात. आधी हाडं बरोबर हलली पाहिजेत.

ओळंब्याची रेघ

सुरुवात पवित्र्यापासून करू, म्हणजे शरीर कसं उभं आहे यापासून. उभ्या माणसाचा सगळा भार जणू एका बिंदूत गोळा झालाय असं मानलं, तर तो बिंदू साधारण बेंबीच्या खालच्या भागात, शरीराच्या आत येतो. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडतो. तसा त्या बिंदूपासून ओळंबा सोडला तर तो दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडला पाहिजे. बाहेर पडला तर माणूस पडतो, किंवा पडू नये म्हणून पाऊल टाकतो.

आता साठ किलोंच्या माणसाच्या हातात तीस किलोंचा सिलिंडर द्या. सिलिंडर पोटासमोर धरला आणि त्याचा मध्य शरीराच्या मध्यापासून ३६ सेंटीमीटर पुढे आहे असं समजा. दोघांचा मिळून भार झाला नव्वद किलो, त्यात सिलिंडरचा वाटा एक तृतीयांश. म्हणून दोघांचा मिळून असलेला मध्यबिंदू ३६ च्या एक तृतीयांश, म्हणजे १२ सेंटीमीटर पुढे सरकतो. सिलिंडर रिकामा असता तर सरकणं जेमतेम ७ सेंटीमीटर झालं असतं. पाऊल असतं साधारण २५ सेंटीमीटरचं आणि सरळ उभं असताना ओळंबा त्याच्या मधल्या भागात कुठेतरी पडतो. तिथून ७ सेंटीमीटर पुढे गेलं तरी माणूस पावलावरच राहतो. १२ सेंटीमीटर पुढे गेलं की तो बोटांच्या टोकाशी पोहोचतो. म्हणून रिकामा सिलिंडर धरून ताठ उभं राहता येतं आणि भरलेला धरून येत नाही. खांदे मागे न्यावे लागतात, कंबर पुढे काढावी लागते, सिलिंडर पोटाला घट्ट चिकटवावा लागतो. हे मागे रेलणं म्हणजे अभिनयाची लकब नव्हे. हा सरळ हिशेब आहे.

नवशिक्याच्या शॉटमध्ये पहिली चूक इथेच सापडते. पात्र कमरेतून वाकतं, सिलिंडर धरतं आणि हात लांब ठेवून तसंच सरळ होतं. कुठलीही फ्रेम थांबवा आणि पात्र व सिलिंडर यांच्या एकत्रित मध्यातून एक उभी रेघ ओढा. ती पावलांच्या पुढे पडत असेल तर त्या क्षणी एकतर पात्र तोंडावर पडायला हवं, नाहीतर सिलिंडर पोकळ असायला हवा. प्रेक्षक दुसरा अर्थ घेतो.

या रेघेत एक बारकावा आहे आणि जाणकार ॲनिमेटर त्यावरूनच ओळखू येतो. सिलिंडर जमिनीवर असतो तोवर त्याचा भार जमीन पेलत असते, म्हणून फक्त माणसाचा ओळंबा बघायचा. सिलिंडर हवेत गेला की दोघांचा मिळून बघायचा. हा बदल एका फ्रेममध्ये होत नाही. माणूस ओढू लागतो तसा भार जमिनीकडून थोडा थोडा त्याच्याकडे येतो आणि त्या मधल्या काळात त्याचं शरीर मागे सरकत असतं. सिलिंडर अजून जागचा हललेलाही नसतो, पण टाचा जमिनीत रुतल्यासारख्या दाबलेल्या असतात आणि कंबर मागे गेलेली असते. ती मागे गेलेली कंबर हीच प्रेक्षकासाठी भाराची पहिली खूण असते.

पूर्वतयारी पात्राच्या मनातली

डिस्नीचे दोन ज्येष्ठ ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या कामाचा अनुभव ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात मांडला. त्यात सांगितलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वं आजही जगभरच्या वर्गांत शिकवली जातात. त्यातलंच एक तत्त्व आहे अँटिसिपेशन, म्हणजे मुख्य हालचालीआधी तिच्या उलट दिशेची छोटी हालचाल. उडी मारायच्या आधी माणूस खाली बसतो, चेंडू फेकायच्या आधी हात मागे नेतो. उचलायच्या आधी तसाच तो खाली जातो.

जड वस्तूसाठी ही पूर्वतयारी मोठी आणि लांब असते, एवढं सगळे शिकवतात. पण ती कशाने मोठी होते हे समजून घेतलं नाही तर विद्यार्थी नुसता एक डोहाळा दिल्यासारखा खोल वाकवून मोकळा होतो. खरं तर या तयारीत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या क्रमाने येतात. आधी बघणं आणि पाय लावणं. जड सिलिंडरकडे येणारा माणूस एक पाऊल त्याच्या शेजारी पुढे आणि दुसरं थोडं मागे ठेवतो, पावलांत अंतर घेतो. दुसरी गोष्ट, ढिलाई काढणं. कडं पकडल्यावर हात सरळ होईपर्यंत तो हलकं ओढून बघतो, सिलिंडर किंचित कलतो आणि परत टेकतो. या ओढण्यातून त्याला वजनाचा अंदाज येतो आणि प्रेक्षकालाही. तिसरी गोष्ट, दम घेऊन कंबर आणखी थोडी खाली नेणं. तिथून खरी उचल सुरू होते.

या तिन्ही गोष्टी घडतात त्या पात्राला काय वाटतं त्यानुसार. सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात किती गॅस आहे याचा त्यांच्याशी संबंध नाही, कारण अजून काही उचललेलंच नसतं. म्हणून पूर्वतयारी पात्राचा समज दाखवते आणि त्यानंतरची हालचाल वस्तूचं सत्य दाखवते. सिलिंडर भरलेला आहे असं समजून माणसाने पाय रोवले, दम घेतला, जोर लावला आणि तो निघाला रिकामा, तर सिलिंडर झटकन वर येतो, खांदे मागे फेकले जातात आणि तोल सावरायला एक पाऊल मागे टाकावं लागतं. उलट रिकामा समजून एका हाताने सहज उचलायला गेला आणि तो निघाला भरलेला, तर हात ताणला जातो, खांदा खाली खेचला जातो, सिलिंडर जागेवर आणि माणूसच त्याच्याकडे झुकतो. दोन्ही वेळा सिलिंडरचं मॉडेल तेच. समज आणि सत्य जुळलं की वजन दिसतं. जुळलं नाही की वजनाबरोबर त्या माणसाच्या मनातलंही दिसतं. रोज शेकडो जिने चढणारा गॅसवाला आणि पहिल्यांदाच सिलिंडर हलवणारा वसतिगृहातला मुलगा, दोघांच्या हातात तीसच किलो असतात. अनुभवी माणूस आधी कडं धरून सिलिंडर कलता करून बघतो, तो मुलगा बघत नाही. एवढ्यावरून दोन माणसं वेगळी कळतात.

संथ म्हणजे किती संथ

जड वस्तू हळू हलते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे हलक्या वस्तूच्या शॉटच्या फ्रेमा ताणून दुप्पट-तिप्पट करायच्या. करून बघितलं की लक्षात येतं, वजन वाढत नाही, फक्त व्हिडिओ संथ केल्यासारखा दिसतो. असं का होतं?

समजा, माणसाच्या अंगात छत्तीस किलो पेलण्याइतका जोर आहे. भरलेल्या सिलिंडरचे तीस किलो पेलण्यातच त्यातला बहुतेक जोर खर्च होतो. सिलिंडरला वेग द्यायला उरतो फक्त सहा किलोंइतका जोर आणि तो लावायचा तीस किलोंना, म्हणजे एक पंचमांश. रिकाम्या सिलिंडरचं वजन सोयीसाठी पंधरा धरू. तिथे एकवीस किलोंइतका जोर उरतो आणि तो पंधरा किलोंना लावायचा, म्हणजे जवळजवळ दीडपट. एक पंचमांश आणि दीडपट यांच्यात सात पटींचा फरक आहे. वजन निम्मं झालं आणि वेग घेण्याची क्षमता सातपट वाढली. रिकामा सिलिंडर उचलताना कुणी पूर्ण जोर लावत नाही हे खरं, पण भरलेला उचलताना लावावाच लागतो आणि तरी हाती थोडंच उरतं.

या हिशेबातून टायमिंगचा खरा नियम निघतो. जड वस्तूचा वेग फार हळू हळू वाढतो, म्हणून उचलीच्या सुरुवातीच्या फ्रेमांत ती जेमतेम हलते. एकदा वेग आला की मधला प्रवास बऱ्यापैकी भराभर होऊ शकतो. संथपणा सगळीकडे सारखा वाटायचा नसतो, तो सुरुवातीला आणि थांब्यांवर साठवायचा असतो. हाताने चित्रं काढणारे ॲनिमेटर यासाठी सुरुवातीची चित्रं एकमेकांना अगदी खेटून काढत आणि पुढची लांब लांब. कॉम्प्युटरवर हेच काम आलेखाच्या रेघेवर होतं. सिलिंडरच्या उंचीची रेघ बघा. ती आधी बराच वेळ सपाट राहिली पाहिजे, मग आळसटपणे वर वळली पाहिजे आणि नंतर चढली पाहिजे. दोन पोझ दिल्या की मधली हालचाल सॉफ्टवेअर स्वतः भरतं. ते दोन्ही टोकांना सारखाच गुळगुळीत बाक देतं आणि शरीराच्या सगळ्या भागांना एकाच फ्रेमवर सुरू करून एकाच फ्रेमवर थांबवतं. वजन नाहीसं होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

कारण खऱ्या शरीरात जोर एका ठिकाणून दुसऱ्या ठिकाणी जातो. जमिनीला पाय रेटतात, त्यामुळे कंबर उठते, कंबरेमागून पाठ, पाठीमागून खांदे आणि सगळ्यात शेवटी हातांतून तो सिलिंडरला मिळतो. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन फ्रेमांचा उशीर होतो. या उचलीत हात जवळजवळ दोराचं काम करतात, ते फक्त ताणलेले असतात. म्हणून उचलीच्या सुरुवातीलाच कोपर मोडलं की शॉट गेला. कोपर मोडून तीस किलो वर आणणारा माणूस फार बलवान असावा लागतो आणि आपला गॅसवाला तर साठ किलोंचा साधा माणूस आहे.

पाच सेकंदांचा शॉट

आता हे सगळं एका शॉटमध्ये बसवू. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेमा असतात. माणूस भरलेला सिलिंडर जमिनीवरून खांद्यावर घेतो, एवढंच दाखवायचं आहे. तीस किलो एका दमात खांद्यावर जात नाहीत. सिलिंडर आधी मांडीवर येतो, तिथून खांद्यावर. त्यामुळे शॉटमध्ये दोन उचली आहेत आणि मधे एक विसावा.

पहिल्या बारा फ्रेमांत तो येऊन थांबतो आणि सिलिंडरकडे बघतो. पुढच्या सोळा फ्रेमांत पावलं लागतात, गुडघे मोडतात, कंबर खाली आणि मागे जाते, एक हात वरच्या कड्यावर आणि दुसरा खालच्या कड्याला येतो. फ्रेम २९ ते ३६ मध्ये हात ताणले जातात. सिलिंडर एका बाजूला किंचित कलतो आणि परत टेकतो. फ्रेम ३७ ते ४४ मध्ये कंबर आणखी थोडी खाली, छाती भरते, हनुवटी आत जाते.

फ्रेम ४५ ला कंबर उठायला लागते. पाठ ४७ ला, खांदे ४९ ला. सिलिंडर अजून जमिनीवरच आहे. तो ५१ ला सुटतो. कंबर सुरू झाल्यापासून सिलिंडर सुटेपर्यंतच्या या सहा फ्रेमा, म्हणजे पाव सेकंद, शॉटमधल्या सगळ्यात मोलाच्या आहेत. माणूस हलतोय आणि वस्तू हलत नाही, हे दृश्य इतकं थोडं असूनही प्रेक्षकाला सगळं सांगून जातं. त्या काढून टाकल्या तर बाकीचं कितीही सुरेख केलं तरी उपयोग होत नाही.

५१ ते ६६ मध्ये सिलिंडर मांडीपर्यंत येतो. त्यातल्या पहिल्या पाच-सहा फ्रेमांत तो जेमतेम बोटभर वर गेलेला असतो. याच वेळात शरीर मागे रेलतं, कारण आता ओळंबा दोघांचा मिळून बघायचा आहे. ६६ ते ८४ सिलिंडर मांडीवर टेकलेला. हा विसावा म्हणजे गोठलेलं चित्र नव्हे. कॉम्प्युटरवर पात्र पूर्ण स्थिर ठेवलं की त्या क्षणी ते निर्जीव होतं. म्हणून छाती वर-खाली होते, मांडी भाराने थोडी खचते, खालचा हात सरकून बुडाशी पक्की पकड घेतो, मान खांद्याला जागा करून देण्यासाठी बाजूला होते.

८५ ते ९० मध्ये गुडघ्यांची एक छोटी बैठक, म्हणजे दुसऱ्या उचलीची तयारी. ९१ ते १०२ मध्ये गुडघे आणि कंबर झटक्याने सरळ होतात आणि सिलिंडर खांद्याकडे उडतो. शॉटमधली सगळ्यात वेगवान हालचाल हीच आहे. ती वेगवानच हवी, कारण इथे माणूस सिलिंडर पेलत नाही, तो त्याला उडवून त्याखाली खांदा घालतो. हाच भाग हळू केला तर प्रेक्षकाला वाटेल की त्याच्या हातांतच एवढं बळ आहे आणि मग सिलिंडर हलका ठरेल.

१०३ ला सिलिंडर खांद्यावर बसतो. पण शॉट तिथे संपत नाही. खांदा लगेच दबतो, दोन फ्रेमांनी पाठ, आणखी दोन फ्रेमांनी गुडघे, आणि मग सगळं शरीर हळूहळू वर येऊन एका बाजूला कललेल्या नव्या तोलात स्थिरावतं. डाव्या खांद्यावर सिलिंडर असेल तर कंबर डावीकडे भाराखाली येते आणि डोकं व धड उजवीकडे जातं. यात १०३ पासून १२० पर्यंतच्या फ्रेमा जातात. एकूण पाच सेकंद. रिकामा सिलिंडर हाच प्रवास दीड-पावणेदोन सेकंदांत करील, मधल्या विसाव्याशिवाय आणि कड्याला धरून बघितल्याशिवाय.

हे आकडे म्हणजे पाठ करायचं सूत्र नाही. माणूस थकलेला असेल, जिन्यावर असेल, घाईत असेल तर ते बदलतील. पण त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही : कंबर आधी आणि वस्तू नंतर, सुरुवात चिकट आणि उसळी वेगवान, पोहोचल्यावर भाराचा हिशेब चुकता.

असा शॉट करायला बसण्याआधी ॲनिमेटर खऱ्या हालचालीचा व्हिडिओ काढून तो फ्रेमफ्रेमने बघतात. तो काढताना रिकामं खोकं घेऊन जडपणाचं सोंग केलं तर मघाच्या प्रयोगासारखंच होतं, सोंग दिसतं. माणूस वजन दाखवण्यासाठी पाठ वाकवतो, चेहरा कसनुसा करतो, पण कंबर मागे जात नाही, कारण तिला मागे नेणारा भारच नसतो. खरं वजन घेतलं पाहिजे, मग ती पाण्याने भरलेली मोठी बादली असली तरी चालेल. कॅमेरा बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे पावलं आणि ओळंबा दोन्ही दिसतात. उचलणाऱ्याला सवय नसेल तर वजन बेताचंच ठेवावं. पाठीला इजा करून घेऊन मिळालेला व्हिडिओ कामाचाही नसतो, कारण त्यात वेदनेची हालचाल असते.

पडताना मात्र नाही

संथपणाचा नियम एका ठिकाणी उलटतो आणि तिथे बरेच जण फसतात. जड वस्तू उचलताना हळू हलते म्हणून ती पडतानाही हळू पडेल असं धरून चालतात. पण हातातून सुटलेला भरलेला सिलिंडर आणि रिकामा सिलिंडर सारख्याच वेगाने पडतात. कमरेच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे नव्वद सेंटीमीटरवरून, जमिनीपर्यंत यायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो, जेमतेम दहा फ्रेमा. पडणारा सिलिंडर वीस फ्रेमा घेऊ लागला की तो एकतर हलका वाटतो, नाहीतर अख्खं दृश्य अवाढव्य वाटू लागतं, कारण आपला डोळा पडायला लागणाऱ्या वेळावरून आकाराचाही अंदाज करतो.

सिलिंडर खाली ठेवण्याच्या हालचालीत हे दोन्ही नियम पाठोपाठ दिसतात. माणूस कंबर मागे काढत, गुडघे मोडत, सावकाश खाली येतो. तोवर भार त्याच्या ताब्यात असतो. जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर उरले की बोटं अडकू नयेत म्हणून तो सोडून देतो आणि उरलेलं अंतर दोन-तीन फ्रेमांत संपतं. सिलिंडर टेकतो, कड्यावर किंचित डुलतो आणि बसतो. त्याच क्षणी माणसाचं शरीर भारातून मोकळं होऊन थोडं वर उसळतं, खांदे सैल पडतात. इतका वेळ मागे ओढलेला तोल आता उगाच मागे राहिलेला असतो, म्हणून तो एखादं छोटं पाऊल टाकून सावरतो. भार गेल्यानंतरच्या या उसळीतही वजन दिसतं. किती किलो होते हे शरीर ते खाली ठेवल्यावरही थोडा वेळ सांगत राहतं.

जॉन लॅसेटर यांनी १९८७ साली कॉम्प्युटर ॲनिमेशनवर एक निबंध लिहिला. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना हाताने काढलेल्या ॲनिमेशनची जुनी तत्त्वं का लागतील, हे त्यांनी त्यात समजावलं. आकार आणि रूप अगदी सारखं असलेल्या दोन वस्तूंना नुसत्या टायमिंगने वेगवेगळं वजन देता येतं, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडलं आहे. त्यांचं हे म्हणणं मी माणसाच्या शरीरापर्यंत नेईन. वस्तूला वजन देणं हे शेवटी वस्तूचं काम राहतच नाही.

म्हणून शॉट पूर्ण झाला असं वाटलं की त्याची परीक्षा एकाच प्रकारे घ्यावी. फाइलमधून सिलिंडर लपवून टाकावा. रंग, प्रकाश, चेहऱ्यावरचे भाव, आवाज, काहीही ठेवू नये. राखाडी पात्र रिकाम्या हातांनी वाकतं, थांबतं, ओढतं, मागे रेलतं, विसावतं आणि उसळतं, एवढंच दिसू द्यावं. शॉट न बघितलेल्या कुणाला तरी तो दाखवून विचारावं की हा माणूस काय उचलतोय आणि ते किती जड आहे. ‘काहीतरी लांबट, खूप जड, साधारण पोत्याएवढं’ असं उत्तर आलं तर काम झालं. ‘काहीतरी नाच करतोय’ असं आलं तर सिलिंडर परत आणून उपयोग नाही. कंबर कुठल्या फ्रेमला उठते आणि तेव्हा हात काय करत असतात, तिथे परत जावं लागतं. शंभरातल्या बहुतेक वेळा वजन तिथेच हरवलेलं असतं.